दहा टक्क्यांचा हात

कन्नडच्या बाजूचं गाव सोडून आम्ही औरंगाबादला आलो, तेव्हा चिकलठाण्याला रोज नवीन कारखाना उभा राहत होता. ह्यांच्या घरात सगळ्यांनी शेळ्या-मेंढ्याच राखलेल्या. पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर बसणारे हे पहिलेच. आमची मुकुंदवाडीची खोली लहान होती, पण संध्याकाळी ओट्यावर सगळी चाळ जमायची. आजही तो गलका आठवला की बरं वाटतं.

ह्यांची शेड अगदी छोटी, पाच-सहा माणसांची. मोठ्या कारखान्यासारखं ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, तिथं लागू नव्हतं, म्हणून मालकानं सगळ्यांचा अपघात विमा उतरवला होता. एक दिवस प्रेस खाली आला आणि ह्यांचा उजवा हात आत सापडला. तर्जनीची दोन पेरं गेली, मधल्या बोटाचं एक गेलं, आणि पंजा चेचला. जखमा भरल्या, पण अनामिका ताठरली, आणि अंगठा आखडला तो आखडलाच.

इलाज संपल्यावर विमा कंपनीच्या डॉक्टरनं हात पाहिला, म्हणजे उभ्या उभ्या तुटलेली पेरं मोजली. पॉलिसीत तक्ताच असतो, कुठल्या बोटाची किती पेरं गेली तर विम्याच्या रकमेचे किती टक्के. तर्जनीचे आठ, मधल्याचे दोन. कायमचं अपंगत्व दहा टक्के, असं लिहून तो मोकळा झाला.

शेजारचा भाऊजी ह्यांच्याबरोबर त्याच शेडमध्ये होता. विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीत पुढं असायचा, अर्ज-निवेदनं लिहिण्यात पक्का. तो म्हणाला, "वहिनी, तुटलेलं मोजलं, पण जे हातावर असून चालत नाय, त्याचं काय?"

त्यानं पॉलिसी वाचून काढली. तक्त्यात नसलेल्या अपंगत्वाचे टक्के डॉक्टरनं तपासून ठरवायचे, असं खाली लिहिलेलं होतं. मग आम्ही सरकारी दवाखान्यातून दाखला आणला. त्यावर चाळीस टक्के होते. तो घेऊन विमा ऑफिसात गेलो.

साहेब बोलायला चांगला होता. म्हणाला, "हे चाळीस सरकारी मोजमापाचे. आमचा तक्ता वेगळा. पण अंगठा तपासलाच नाही, हे तुमचं खरं आहे. टक्क्यांवरून वाद असेल तर पॉलिसीप्रमाणे लवाद नेमावा लागेल. त्यात वेळ जाईल. त्यापेक्षा दोघांनाही चालेल असा तिसरा डॉक्टर बघू या का?"

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणलं, "बघू द्या की."

तपासणीच्या दिवशीच नामांतरासाठी बंद होता. रिक्षा नाय, सिटी बस नाय. भाऊजीला मोर्चाला जायचं होतं. तरी सकाळीच सायकल घेऊन दारात उभा राहिला. "आधी तुम्हाला सोडतो, मग जातो." हे पुढं दांडीवर, मी मागं कॅरियरवर, आणि भाऊजी धापा टाकत पायडल मारतोय! चौकात पोलिसानं अडवलं. दवाखान्याचा कागद पाहून त्यालाही हसू आलं, म्हणाला, "जा, पण पडू नका."

चाळीतल्या लोकांनी ह्यांना शिकवून पाठवलं होतं, हात मेल्यासारखा लटकता ठेवा म्हणून. दवाखान्याच्या पायरीवर हे मला म्हणाले, "नाटक मला जमायचं नाय."

शहागंजकडचे ते हाडांचे डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी एकेक सांधा वाकवून कोन मोजला. टेबलावरची टाचणी उचलायला लावली, मूठ वळायला लावली. मग विचारलं, "मियाँ, कौनसा काम सबसे ज्यादा अटकता है?"

हे जरा लाजले. "शेळीची धार काढता येत नाय, साहेब. गावी गेलो की आई मलाच बसवायची."

"कैसे निकालते थे? दिखाओ."

ह्यांनी हवेत हात धरला. अंगठा बोटांपर्यंत येईना. ते जोर लावत राहिले, कपाळाला घाम आला. अपघातानंतर ह्यांना मी रडताना पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशीही ते रडले नाहीत. रडले मी. डॉक्टरांनी हळूच तो हात खाली ठेवला आणि लिहायला घेतलं. बोटांचे दहा तसेच ठेवून आखडलेल्या अंगठ्याचे आणि ताठरलेल्या अनामिकेचे चौदा मिळवले. चोवीस.

भाऊजीला वाटलं, अजून भांडावं. हे म्हणाले, "नको. ह्या माणसानं हात बघितला माझा."

कंपनीनंही चोवीस मान्य केले. आलेल्या रकमेतून आम्ही चाळीच्या तोंडाशी पिठाची गिरणी टाकली. दाणे ओतायला उजव्या हाताची पकड लागते, म्हणून गिरणी मीच चालवायला शिकले. हे डाव्या हातानं वजन करायचे, गिऱ्हाइकांशी बोलायचे. पहिल्यांदा पट्टा सुटला तेव्हा मी घाबरून बाहेर पळाले, अन्‌ सगळी चाळ हसली होती. केस, पापण्या, लुगडं, सगळं पांढरं व्हायचं. संध्याकाळी बटण बंद केलं की कानात एकदम शांत व्हायचं, आणि मग हे आतून विचारायचे, "चहा टाकू का?"