रसिकाचा मणी आणि स्पीकरची टप्

नागरवाड्यातील निरुपमाताईंच्या बाहेरच्या खोलीत, कमी ऐकू येणाऱ्या मुलांसाठी एक नियम होता. मुलाने मणी गालाशी धरून बसायचे. आवाज ऐकू आला की तो डब्यात टाकायचा. आवाजाआधी किती वेळ थांबायचे, हे ताई दरवेळी बदलत, म्हणजे मूल अंदाजाने मणी टाकणार नाही. मूकबधिर शाळेतील सारी नोकरी त्यांनी याच शिस्तीवर केली होती. निवृत्तीनंतर थायरॉईडच्या शस्त्रक्रियेने आवाज बसला, तेव्हा त्यांनी पूर्वीच ध्वनिमुद्रित केलेले उच्चार मोबाईलवरून एका छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर लावायला सुरुवात केली. उच्चार झाला की त्या पॉज दाबत.

चार वर्षांची रसिका त्यांच्याकडे पादरा गावाहून येई. दोन्ही कानांना श्रवणयंत्रे. ‘आ’, ‘ऊ’ यांसारखे जाड आवाज तिला मुळातच ऐकू येत. ‘स’ आणि ‘श’ हे बारीक आवाज मात्र पोहोचतात की नाही, हाच प्रश्न होता. गेल्या आठवड्यापासून ‘स’लाही मणी पडू लागला होता. तिची आई कांचन हरखून गेली होती. उद्या श्रवणतज्ज्ञांकडे यंत्रांची नव्याने जुळणी व्हायची होती, आणि बारीक आवाज आणखी वाढवायचे की नाही, हे ताईंच्या सांगण्यावर बरेचसे ठरणार होते.

आज पाठ चालू असताना दारात भाजीवाला आला. ताईंनी पॉज दाबला आणि कांचन उठली. कोणताही उच्चार चालू नव्हता. थोड्या वेळाने स्पीकरमधून नेहमीसारखी बारीकशी टप् आली, आणि रसिकाने मणी डब्यात टाकला.

ताईंचा हात मोबाईलवरच राहिला. त्यांनी पुन्हा थोडे थांबून ‘स’ लावला. आधी टप्, मग ‘स’. मणी टप्‌बरोबरच सुटला होता.

“अहो, जरा इकडे येता का?” त्यांनी पतीला, दत्तात्रेयरावांना, हाक मारली. रिफायनरीतील उपकरणे सांभाळण्यात त्यांचे आयुष्य गेले होते.

“काय, स्पीकर रुसला का?” म्हणत ते आले, पण पत्नीचा चेहरा पाहून त्यांनी चेष्टा तिथेच सोडली. कान लावून दोनतीनदा ऐकले.

“हा बिघाड नाही, निरुपमा. आवाज थांबला की बॅटरी वाचवण्यासाठी आतला ॲम्प्लिफायर आपोआप झोपतो. झोपताना आणि उठताना विजेचा एक झटका स्पीकरच्या पडद्याला बसतो, तीच ही टप्. उठायला वेळ लागतो, म्हणून तुझ्या ‘स’चा सुरुवातीचा तुकडाही खाल्ला जातो.”

“ब्लूटूथऐवजी वायर लावली तर?”

वायर लावून पाहिली. टप् तशीच. आवाज कोणत्याही वाटेने येवो, शांतता झाली की हा झोपणारच. आणि हे बंद करायचे बटण त्या स्पीकरला नव्हते.

“मग त्याला झोपूच द्यायचे नाही,” दत्तात्रेयराव म्हणाले. “पॉज करू नकोस. सगळे उच्चार एकाच सलग मुद्रणात घेऊ, आणि मधल्या शांततेत अगदी मंद खरखर ठेवू. स्पीकर जागा राहील, पोरीला मात्र ती ऐकू येता कामा नये.”

त्यांनी मोबाईलवरच तसे मुद्रण जुळवले. खरखर फारच हळू ठेवली तेव्हा स्पीकर पुन्हा झोपला. किंचित वाढवली तेव्हा टप् गेली. नुसत्या खरखरीला रसिकाचा मणी गालाशीच राहिला. मग ‘आ’ आला, मणी पडला. ‘ऊ’ आला, पडला.

‘स’ आला. रसिका ताईंच्या तोंडाकडे पाहत राहिली.

कांचनच्या हातातली मेथीची जुडी खाली आली. “म्हणजे इतके दिवस ती...”

“टप्‌ला मणी टाकत होती. तिची चूक नाही; तिला सांगितले तेच ती करत होती.” ताईंचा घोगरा आवाज आणखी खाली गेला. “चूक माझी. ‘स’ ऐकू येतो असे मीच तुला सांगितले.”

कांचनने जुडी बाजूला ठेवली. “सासूबाईंना सांगून बसले आहे मी,” ती म्हणाली. “चला, जे आहे ते आहे. उद्या तुम्ही बरोबर याल ना, ताई? मला नीट सांगता यायचे नाही.”

दुसऱ्या दिवशी ताई बरोबर गेल्या आणि त्यांनी सारे स्पष्ट सांगितले. बारीक आवाज वाढवून यंत्रे पुन्हा जुळवली गेली. पण वाढवलेले पोहोचेलच, याची खात्री कोणी दिली नाही.

काही दिवसांनी रसिका पुन्हा त्याच खोलीत, मणी गालाशी धरून बसली. कांचन पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती. मंद खरखरीवर ‘स’ आला. मणी पडला. कांचनने ताईंकडे पाहिले, पण ताईंनी हाताने थांब म्हटले आणि दुसरा मणी पुढे केला.

आता मुद्रणात लांब शांतता होती. नुसती खरखर; वाढवलेल्या यंत्रांतून तीच ऐकू येत असती, तर मणी आताही पडला असता. रसिका मान किंचित कलती करून ऐकत होती. निरुपमाताईंची नजर त्या इवल्याशा मुठीवरून हलत नव्हती.

मणी गालाशीच राहिला. तेव्हा कुठे ताईंनी कांचनकडे पाहून मान डोलावली.