दोन पानांवरची मी

चंद्रपूरला मानव-वन्यजीव संघर्षावर परिसंवाद होता आणि मला वक्ता म्हणून बोलावलं होतं. मी मूल तालुक्यात गुरांची डॉक्टर. वाघाच्या तावडीतून वाचलेल्या गुरांवर उपचार करते, न वाचलेल्यांचे दाखले देते. आयोजकांनी कळवलं, पुस्तिका छापतोय, डाव्या पानावर मराठी परिचय, उजव्यावर इंग्रजी. प्रत्येकी ऐंशी शब्द, भाषांतर वाटू नये.

स्वतःविषयी लिहायला बसलं की माणूस किती मोठा होतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी लिहिलं, 'गेली अठरा वर्षे पशुवैद्यकीय क्षेत्रात अविरत व निःस्वार्थ सेवा बजावणाऱ्या, मनमिळाऊ स्वभावाच्या, ग्रामीण पशुपालकांच्या हृदयात अढळ स्थान मिळवलेल्या...' क्रियापद येईपर्यंत सत्तर शब्द संपले होते.

दवाखान्यातले व्रणोपचारक भाऊ, म्हणजे गुरांच्या मलमपट्टीचं काम बघणारे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी हातातली पट्टी गुंडाळणं थांबवलं.

"म्याडम, कोन वारलं?"

कोणी वारलं नाही, हा माझाच परिचय आहे, असं मी सांगितलं. त्यांनी पट्टी पुन्हा गुंडाळायला घेतली. मग म्हणाले, तेरवीच्या पत्रिकेत असंच राहते म्हणून विचारलं.

माझ्या मनमिळाऊ स्वभावाने दिवसभर त्यांच्याशी बोलणं टाळलं.

इंग्रजी मी त्याच मजकुरावरून ओळीला ओळ लावून केलं आणि नागपूरला शिकणाऱ्या मुलीला पाठवलं. तिचा फोन आला. इंग्रजीत 'निःस्वार्थ सेवा' असं लिहिलं तर लोकांना तू मिशनरी वाटशील, म्हणाली, आणि पगार घेतेसच की. तिने नवीन लिहून दिलं. त्यात मी 'पॅशनेट' होते आणि कसल्या तरी दोन गोष्टींच्या 'इंटरसेक्शन'वर काम करत होते. ऐकायला फार छान वाटलं. मी लगेच त्याचं मराठी केलं : 'पशुआरोग्य व वन्यजीव संवर्धनाच्या छेदबिंदूवर उत्कटतेने कार्यरत.'

भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. "हा छेदबिंदू कुठी आला? सिंदेवाहीच्या रस्त्यावर का?"

ते थट्टा करत नव्हते. कुठल्या गावात बोलावणं आलंय, असंच त्यांना वाटलं होतं.

मग मी दोन्ही कागद कपाटात टाकले. भाऊंनाच विचारलं, माझ्याबद्दल कोणी विचारलं तर तुम्ही काय सांगता? ते म्हणाले, "सांगतो का, वाघानं बैल धरला अन् तो जित्ता असन, तर ह्या म्याडमले बलावा. मेला असन, तरी बलावा, दाखला त्याच देते."

वीस शब्दांत सगळं आलं होतं, आणि त्यात माझं कौतुक कुठेच नव्हतं. मला थोडं वाईटच वाटलं.

मराठी पान मी तिथून सुरू केलं. पंचनामा, वनरक्षक, दाखला हे आमच्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. तालुक्याचं नाव आलं की पुरे. फक्त 'ती' की 'त्या' यावर अडले. स्वतःला 'त्या' म्हणताना शेजारणीबद्दल बोलतेय असं वाटे, आणि 'ती' लिहिलं तर आयोजक वरिष्ठांचा अपमान म्हणून दुरुस्त करतील. 'त्या' ठेवलं.

इंग्रजी लिहिताना मराठी पान समोर घेतलंच नाही. बाहेरच्या माणसाला मूल म्हणजे काय कळणार? म्हणून आधी वाघांच्या जंगलाला लागून असलेला पूर्व महाराष्ट्र आला. 'पशुधन विकास अधिकारी' या माझ्या हुद्द्याचं शब्दशः इंग्रजी केलं की मी गुरं वाढवते असं वाटतं, म्हणून साधं 'गव्हर्नमेंट व्हेट'. पंचनामा एका वाक्यात उलगडला : जनावर मेलं की वनखात्याचे लोक जागेवर जाऊन नोंद करतात, माझा दाखला त्याला जोडला जातो, त्यावर मालकाला भरपाई मिळते. वाक्यं छोटी ठेवली. मुलीने एकच 'द' घातला आणि म्हणाली, "आई, आता ही तू वाटतेस."

परिसंवादाच्या दिवशी सूत्रसंचालकांनी पुस्तिका उघडलीच नाही. ज्यांच्या परिचयाची गरज नाही असं म्हणून त्यांनी पाच मिनिटं परिचय करून दिला, त्यात अविरत होतं, निःस्वार्थ होतं, मनमिळाऊही होतं. मी मान खाली घालून ऐकलं. खरं सांगते, बरं वाटलं.

चहाच्या वेळी एक शेतकरी डावं पान उघडून माझ्याकडे आले. त्यांच्या गोऱ्ह्याच्या मानेला चार दिवसांपूर्वी बिबट्याचे दात लागले होते, जखम वरून कोरडी दिसत होती पण वास येत होता. मी कप ठेवला आणि आधी विचारलं, मान हलवतो का, चारा खातो का.