शो म्हणजे गरम

टँकर आला की आमच्या वस्तीच्या बायका घागरी घेऊन लांब उभ्या राहायच्या. गावाचं भरून झालं की आमची पाळी. मी नऊ-दहा वर्षांचा होतो. एकदा टँकरचा पाईप माझ्या पायाशीच पडला. मी तो उचलून आईच्या घागरीत धरला.

"ए, सर बाजूला," एकजण ओरडला.

त्यानं पाईप माझ्या हातातून घेतला आणि धुतला. माणसं तांब्याभर पाण्यावरून भांडत होती, आणि माझा हात लागला म्हणून दोन बादल्या पाणी त्या पाईपवर ओतलं. आई म्हणाली, "खाली बघ. बोलू नकु."

मी खाली बघितलं. पुढं पंधरा वर्षं कुणीही ओरडलं की मी खालीच बघायचो.

नांदेडला एका कॅन्टीनमध्ये मी स्वयंपाक शिकलो. मग पुन्हा दुष्काळ पडला, वडील वारले, गावाकडं यावं लागलं. लातूर जिल्हा नवाच झाला होता. नवी कचेरी झाली, आता कामं निघतील म्हणायचे. मी दोनदा अर्ज दिला. शिपाई म्हणायचा, "ठेवून जा."

तेवढ्यात अहमदपूरच्या पुढं एका कारखान्याची यंत्रं बसवायला फ्रान्सचे इंजिनीयर आले. माळावर तारेच्या कुंपणात त्यांचा कॅम्प. बोअरला पाणी होतं. त्यांच्या जेवणाला त्यांच्याच देशाचा शेफ, मार्सेल नावाचा, लालबुंद तोंडाचा. त्याच्या हाताखाली पाँडिचेरीचा सेल्वम, आणि भाज्यांच्या चुलीवर मी. आम्हाला कामावर ठेवणारा मॅनेजर मात्र इथलाच, मोठ्या घरचा. माझा गेटपास त्याच्याकडं असायचा, सकाळी त्यानं गेटवर ठेवला तरच आत जाता यायचं. संध्याकाळी तो द्यायचा तेव्हाच बाहेर पडता यायचं. सोबत दोन कॅन पाणी नेता यायचं. त्या दोन कॅनवर आई आणि दोन बहिणी जगत होत्या. म्हणजे काम सोडायची सोयच नव्हती.

आणि आत शेफ दिवसभर ओरडायचा. जेवणाच्या वेळेला तो मधल्या टेबलापाशी उभा राहायचा, हातात कागदाच्या चिठ्ठ्या. "सा मार्श," म्हणून ओरडायचा. मी मान खाली घालायचो. तो आणखी जोरात ओरडायचा. मी आणखी खाली बघायचो. तिसऱ्यांदा त्याच्या गळ्याच्या शिरा फुगायच्या. "रेक्लाम" म्हणायचा, ते मला गुलाम ऐकू यायचं. परमुलखातून येऊन हा माणूस मला गुलाम म्हणतोय. बाहेर मॅनेजर, आत हा.

एके दिवशी सकाळी मी ओट्याशी गाजर चिरत होतो. मागून आवाज आला, "शो!"

शिवी असणार. मी सुरी ठेवली, वळलो, मान खाली घालून वाटेतच उभा राहिलो. अंगवळणी पडलेलं. शेफच्या हातात हाडांच्या उकळत्या रश्शाचं पातेलं होतं. मला चुकवायला त्यानं ते स्वतःच्या अंगाकडं वळवलं. रस्सा त्याच्या मनगटावर सांडला.

मी त्याचे पाय धरायला वाकलो. त्यानं पाय मागं घेतले, नळ सोडला, हात धारेखाली धरला आणि सेल्वमला काहीतरी म्हणाला.

सेल्वम त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "शेफ पूछता है, तू सरका क्यों नहीं? तेरे को बोला ना, गरम."

"गाली दिया ना?"

सेल्वमनं मान हलवली, "नहीं रे." मग दुपारी पिठाच्या पोत्यावर बसून त्यानं मला त्यांचे आकडे आणि एकेक शब्द सांगितला. शो म्हणजे गरम. गरम भांडं घेऊन येतोय, वाट दे. देरिएर म्हणजे तुझ्या मागं आहे, एकदम वळू नको. सा मार्श म्हणजे नवी ऑर्डर आली, तयारीला लागा. रेक्लाम म्हणजे त्या टेबलाचं पहिलं खाणं संपत आलं, पुढचं आता ताटात काढा. असं ओरडून सांगणाऱ्याला त्यांच्या भाषेत नावच आहे, भुंकणारा. चुली, भांडी, पंखा, एवढ्या आवाजात हळू बोललेलं ऐकू येत नाही.

"पण माझ्यावरच लई ओरडतो," मी म्हणालो.

"तू जवाब नहीं देता. 'वी शेफ' बोलने का, मतलब हाँ शेफ, और ऑर्डर वापस बोलने का. नहीं बोला तो उसको लगता, सुना नहीं. फिर जोर से बोलता."

मी आदर म्हणून गप्प राहायचो, आणि गप्प राहिलो म्हणून तो ओरडायचा.

संध्याकाळच्या जेवणाला चिठ्ठी आली. "सा मार्श, तीन नंबर, चार माणसं." मी मान वर केली. "वी शेफ. तीन नंबर, चार." माझाच आवाज मला परका वाटला. तो दुसऱ्यांदा ओरडला नाही. चिठ्ठी खिळ्याला टोचली, पुढची हातात घेतली. थोड्या वेळानं तो माझ्या मागून तवा घेऊन गेला तेव्हा म्हणाला, "शो." मी सरकलो. त्या रात्री झोप आली नाही. जन्मभर मला बाजूला सर म्हणणारे स्वतःला जपत होते. हा माणूस मला जपत होता. मी भाजू नये म्हणून ओरडत होता.

महिन्याभरानं नव्या जिल्ह्याचे साहेब आणि आसपासची पुढारी मंडळी दुपारच्या जेवणाला येणार होती. मॅनेजर आत आला.

"आज गावची मानसं हायेत. तू मागं नळावर जा. ताटाला हात लावू नकु."

मी गेलो. दोन कॅन डोळ्यांपुढं होते. राखेनं पातेली घासत बसलो. आतून आवाज आला, "रेक्लाम, दोन नंबर." सेल्वमचं उत्तर आलं. भाज्यांच्या चुलीवरून नाही. शेफ पुन्हा ओरडला. पुन्हा शांत. तिसऱ्यांदा ओरडला, तो मलाच. ती चूल माझी होती. उत्तर माझं होतं.

मी उठलो, हात धुतले, आत गेलो. "वी शेफ. दोन नंबर." लोण्यात परतलेल्या गाजर-मटारचा तापलेला तवा उचलला आणि ताटांकडं निघालो. मॅनेजर वाटेत आडवा.

"तुला काय सांगितलं?"

"शो," मी म्हणालो. स्वयंपाकघरात म्हणायचं तेवढ्याच जोरात. तो हलला नाही. मी पुन्हा म्हणालो, "शो!"

तो चरकून बाजूला झाला. मी ताटं भरली. साहेब जेवले, पुढारी जेवले.

"माझ्यावर वरडतो? शिवी देतो?" पाहुणे गेल्यावर मॅनेजर आत येऊन म्हणाला.

सेल्वम म्हणाला, "गाली नहीं साब. गरम बोला."

"शिवी न्हाई," मी म्हणालो. "कामाचा शब्द हाय. तुम्ही मला सांगितलं ते काम नव्हतं. ते हाकलनं होतं."

दुसऱ्या दिवशी गेटवर माझा पास नव्हता. शेफला निरोप पाठवला. सेल्वम कुंपणापाशी आला, म्हणाला, शेफ म्हणतो माणसं ठेवणं-काढणं मॅनेजरच्या हातात आहे. शेफनं माझ्यासाठी भांडण केलं नाही. मलाही त्याला देव करायचं नाही.

मी रिकामे कॅन घेऊन घरी गेलो. आईनं कॅन बघितले. बहिणी दोन कोसांवरच्या झऱ्याला जायला लागल्या, मीही. आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही.

आता मी लातुरात लग्नाकार्याचा स्वयंपाक करतो. कुणी बोलवायला आलं की आधी मीच सांगतो, मी कोणत्या वस्तीतला. मग सांगतो, रांधणारा मी आणि पंगतीत वाढणाराही मीच. मागच्या दारानं येणार नाही, नळावर बसणार नाही. काहीजण उठून जातात. जाऊ देतो. जो बसून राहतो, त्याला विचारतो, पानं किती.