मिनीला माझी सही नव्हती

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या पशुखाद्याच्या कारखान्यात मी नोकरीला लागले तेव्हा माझं काम सोपं सांगितलं होतं. पोत्यावरचा मजकूर वाचायचा, चुका काढायच्या आणि छपाईआधी सही करायची. नाव ठरवायला मालक होते. मला मात्र नुसती सही करायची सवय कधीच लागली नाही.

आमचं एकच खाद्य जोरात चालायचं, 'गव्हाण गोल्ड'. दुभत्या, मोठ्या जनावरांचं, युरिया घातलेलं. मोठ्या जनावराच्या पोटात तो प्रमाणात चालतो, लहान वासराला मात्र बाधतो. मग मालकांनी दोन नवी खाद्यं काढली. जास्त दूध देणाऱ्या गाईंसाठी 'गव्हाण सुपर गोल्ड', यातही युरिया. आणि वासरांसाठी, अर्थातच युरियाविना, 'गव्हाण गोल्ड मिनी'. तिन्ही पोती पिवळी, तिन्हींवर तीच गाय.

"एकाच घरचे लेकरं दिसले पाह्यजेत," मालक खूश होऊन म्हणाले. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो.

"दिसू द्या ना, भाऊ. पण एका घरच्या सगळ्या लेकरांले एकच नाव ठेवता का तुमी?"

त्यांना ते आवडलं नाही. मीही काही त्यांना आवडावं म्हणून बोलले नव्हते. मी माझं म्हणणं मांडलं. 'गव्हाण' हे आडनाव, ते सगळ्यांना राहू द्या, त्याची जागा आणि अक्षरंही तीच ठेवा. पण दुकानात कोणी आडनाव घेत नाही. गिऱ्हाईक पुढचाच शब्द बोलतं, तेव्हा त्या एका शब्दातून जनावर कोणतं ते कळायला हवं. गोल्ड, सुपर, मिनी या तर पायऱ्या झाल्या. पायऱ्या दिसल्या की माणूस ऐपतीप्रमाणे वरची पायरी धरतो. रंग आणि चित्रही वेगळं हवं, कारण पोतं लांबूनच ओळखतात.

"मागे सगळं लिहिलं हाय ना?"

"मागचं कोण वाचते, भाऊ? मागची बाजू भिंतीले टेकलेली असते."

"मॅडम, गोल्डवर धंदा उभा हाय आपला. सही करा."

"नाई करत."

घरी अमरावतीला आईने हे ऐकून कपाळाला हात लावला. एवढ्याशा शब्दासाठी नोकरी घालवतेस का, म्हणाली. भीती मलाही वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण त्या पोत्यावर सही केली असती, तर वासरू मेल्यावर त्यात माझाही हात राहिला असता. आणि एखादं तरी मेलं असतंच, याची मला खात्री होती.

भाऊही हट्टी. मला खोटं पाडायला ते स्वतः मला गाडीत घालून तिवश्याच्या एका दुकानात घेऊन गेले. साध्या पोत्यांवर नमुन्याचे कागद चिकटवून तिन्ही पोती दाराशी मांडली. "तुमी एक शब्द बोलू नका," मला दम भरला. मी ओठ मिटून उभी राहिले.

थोड्या वेळाने एक बाई आल्या. गाय दोन महिन्यांपूर्वी व्यायली होती, पण आटली होती. वासराला वरचं खाद्य सुरू करायचं होतं. त्यांनी तिन्ही पोती पाहिली, मिनीच्या पोत्याला हातसुद्धा लावला नाही, आणि सुपर गोल्डकडे बोट केलं.

"हे द्या."

दुकानदार पोतं उचलायला वाकला. मी भाऊंकडे पाहिलं. ते घाईने पुढे झाले आणि त्यांनी पोत्यावर हातच ठेवला.

"माय, थे नका नेऊ. वासराचं हे हाय, मिनी."

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मिनी कावून नेऊ? मायचं दूध नाई त्याले. त्याले तरी चांगलं खाऊ द्या. पैसे हाय माह्याजवळ."

"चांगलं-वाईट नाई वो, त्यानं वासरू मरन!"

"मरन?" बाईंचा आवाज चढला. "मंग त्याच्यावर सुपर कावून लिवलं तुमी?"

भाऊ माझ्याकडे वळले. माझ्याकडे उत्तर होतं, पण मला बोलायला बंदी होती आणि ती मी त्या दिवशी मोठ्या आनंदाने पाळली. बाई मात्र त्यांच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हत्या. काहीच न घेता निघून गेल्या. भाऊंनी पोत्यांवरचे नमुन्याचे कागद स्वतःच काढून घेतले. मला त्यांची दया आली नाही.

गाडीत बसल्यावर त्यांनी मिनीचा कागद मांडीवर घेतला, खिशातून पेन काढला आणि मिनी खोडलं. गोल्डही खोडलं. नुसतं गव्हाण उरलं.

"सांगा आता," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "वासराच्या पोत्यावर काय लिहू?"

"वासरू," मी म्हटलं.