सुक्या बोंबलांची नोटीस

माझ्या पासपोर्टाला वास यायचा. मागच्या वेळी लेकीकडे मस्कतला जाताना सुकटीच्या चटणीची बाटली हातातल्या बॅगेत फुटली आणि तेल त्या पुस्तिकेत मुरलं. पानं चिकटली, फोटोवरचं प्लास्टिक सुटलं. आता लेकीचे दिवस भरत आले होते, तिच्याजवळ दुसरं कोणी नव्हतं, आणि मला वेळेवर पोचायचं होतं.

पत्ताही बदलला होता. उरणकडच्या आमच्या कोळीवाड्यातून उलव्याच्या फ्लॅटमध्ये येऊन आम्हा नवरा-बायकोला चौदा महिने झाले होते. म्हणून नव्याने काढण्याच्या अर्जात दोन कारणं भरली : पत्ता बदलला आणि पुस्तिका खराब झाली. ती कशी खराब झाली, तेही लिहून द्यावं लागलं. सेवा केंद्रातल्या बाईंनी पासपोर्ट दोन बोटांत असा धरला, जणू मेलेला उंदीरच. शेवटच्या खिडकीवरच्या साहेबांनी मात्र नीट पाहिलं. "नंबर, नाव वाचता येतंय, फोटो दिसतोय, म्हणून बरं. नाहीतर पूर्ण खराब धरला असता, त्याची चौकशी मोठी. पोलीस पडताळणी झाली की नवीन छापून येईल."

पडताळणीचा फोन आला तो नेमका गावच्या जत्रेच्या दिवशी. जत्रेला आमच्यातला कोणीही फ्लॅटमध्ये थांबत नाही, कुलपं लावून सगळे गावात.

"मॅडम, कुठे आहात?" पोलिसांनी विचारलं.

"घरी हाव ना," मी म्हटलं.

"मी तुमच्या दारात उभा आहे. कुलूप आहे."

"ती आमची रूम. घर हय गावाला हाय."

झालं! गावातलं ते घर आणि फ्लॅट ती रूम, हे आमच्या तोंडात बसलेलं. पोलिसाने त्याचा सरळ अर्थ लावला. वर सोसायटीच्या सेक्रेटरीने त्याला सांगितलं, "इथे राहत नाहीत ते. कधीतरी येतात."

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेले. आधार, विजेचं बिल, फोटो, जुन्या पासपोर्टाच्या झेरॉक्स, सगळं नेलं. हवालदार वयस्कर होते. किती दिवस राहता, वर्ष पूर्ण झालं का, त्याआधी कुठे होतात, कुठली केस आहे का, सगळं विचारलं. वर्ष झालं नसतं तर जुन्या पत्त्यावरही चौकशी गेली असती.

"कागद ठीक आहेत, ताई. पण कागद राहत नाहीत, माणसं राहतात. दोन शेजारी आणा, तुम्ही तिथे राहता असं सांगणारे. नाहीतर मला 'पत्त्यावर राहत नाही' असं लिहावं लागेल. मग पासपोर्ट ऑफिसात खुलासा देत बसाल."

खालच्या मजल्यावरच्या आजी लगेच तयार झाल्या. दुसऱ्या सहीसाठी समोरच्या दाराची बेल वाजवली. समोर राहतात सेक्रेटरीच. दार अर्धं उघडून म्हणाले, "सही करतो, त्यात काय टेन्शन! फक्त गॅलरीत मासे सुकवणं बंद करा. लोकांना किळस येते."

मला किळस आली ती त्यांची. लेकीच्या बाळंतपणावर हा माणूस माझ्याशी सौदा करत होता, आणि तोंडावर हसू. एक क्षण 'करते बंद' असं जिभेवर आलंही होतं, त्याची मला अजून जास्त शिसारी येते. मागे फिरले आणि आमचं दार लावून घेतलं.

मग कपाट उघडलं. सोसायटीच्या तीन नोटिसा जपून ठेवल्या होत्या. तीन वेगवेगळ्या महिन्यांच्या, आमच्या नावाने, आमच्या फ्लॅट नंबरवर : 'आपण गॅलरीत रोज बोंबील वाळत घालता, दुर्गंधीमुळे रहिवाशांना त्रास होतो.' पहिली वर्षापूर्वीची. खाली शिक्का आणि सेक्रेटरींची झोकदार सही.

ठाण्यात हवालदारांनी तिन्ही वाचल्या. आधी मिशीत हसले, मग फोन लावला. "साहेब, हे लोक राहत नाहीत म्हणालात. मग वर्षभर रोज वास कुणाच्या बोंबलांचा येत होता? लेखी दिलंय तुम्ही."

संध्याकाळी सेक्रेटरी स्वतः ठाण्यात आले आणि माझ्या जबाबाखाली सही करून गेले. माझ्याकडे पाहिलं नाही. मी पाहत राहिले. जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. तोंडात नुसती कडू चव होती. ज्या कागदांनी मला वर्षभर मान खाली घालायला लावली, तेच दाखवून मी इथे राहते हे सिद्ध करावं लागलं.

पासपोर्ट पोस्टाने आला, कोरा, बिनवासाचा. नात झाली तेव्हा मी मस्कतला लेकीच्या उशाशी होते.

परत आले तर दाराच्या फटीत चौथी नोटीस. तारीख, फ्लॅट नंबर, सही, सगळं जागच्या जागी. ती पासपोर्टच्या फाइलमध्ये लावली. दहा वर्षांनी पुन्हा पडताळणी यायचीच आहे. मग गॅलरीत जाऊन नवऱ्याने सकाळी वाळत घातलेले बोंबील उलटे केले.