पिवळ्या बल्बखालचा साखरपुडा

धुळ्यात देवपूरला आमचं घर आहे आणि घराच्या पुढच्या खोलीत माझं काम चालतं. लग्नांचे फोटो माझे धाकटे दीर काढतात. ते संगणकावर दुरुस्त करणं माझ्याकडे असतं. मी सहसा कुठल्या लग्नाला जात नाही. त्यामुळे शेकडो माणसं मला तोंडानं ओळखू येतात, आणि त्यांतलं कुणीही मला ओळखत नाही. कुणाच्या गालावर तीळ आहे, कोण फोटोच्या वेळी पोट आत घेतं, हे मला माहीत असतं. त्यांचा आवाज मात्र मी कधी ऐकलेला नसतो.

एरंडोलच्या एका घरातल्या साखरपुड्याचे फोटो आले, तेव्हा दिरांनी कॅमेऱ्यातलं कार्ड टेबलावर ठेवलं आणि आधीच माफी मागितली.

"वहिनी, फ्लॅश बंद पडला हो पहिल्याच अर्ध्या तासात. पुढचे सगळे तिथल्या उजेडात काढलेत. बघा काय होतं ते."

तिथला उजेड म्हणजे डेकोरेशनवाल्यानं छताला टांगलेले पिवळे बल्ब. हौसेनं लावलेले, जुन्या धाटणीचे. फोटो उघडले तर सगळा साखरपुडा संत्र्याच्या रसात बुडवून काढल्यासारखा. नवरीची साडी, पाटावरचे तांदूळ, माणसांचे दात, सगळं एकाच रंगाचं. आपण अशा खोलीत बसलो तर पाच मिनिटांत डोळा त्या उजेडाला सरावतो आणि पांढरं आपल्याला पांढरंच दिसतं. कॅमेरा दुपारच्या अंगणातल्या उजेडावर लावून ठेवलेला होता, आणि त्याला असं सरावता येत नाही. सुदैव एवढंच, की दीर कच्च्या फाइल काढतात. कच्च्या फाइलमध्ये रंगाचा तोल नंतर बदलता येतो, काही गमवावं लागत नाही.

पहिलं काम, फोटोत अशी वस्तू शोधायची जी खरोखर पांढरी किंवा राखाडी आहे. ती एकदा दाखवली, की तिच्यावरून बाकीचे रंग सरळ होतात. भिंत कामाची नव्हती, ती पिस्ता रंगाची होती. एका आजोबांचं धोतर होतं, पण ते नीळ घातलेलं. निळसर धोतराला पांढरं मानलं असतं, तर सगळी माणसं आणखी पिवळी झाली असती. शेवटी चहाची एक साधी पांढरी बशी सापडली, बल्बच्या बरोबर खाली ठेवलेली. तिच्यावर टिचकी मारली आणि खोली शुद्धीवर आल्यासारखी झाली. साडी राणी रंगाची निघाली. तोवर मी ती तांबडी समजत होते.

पण एवढ्यानं भागत नाही. बल्बच्या उजेडात निळा फार कमी असतो, आणि जिथे उजेडच कमी तिथे तर निळा उरतच नाही. बशी पांढरी झाली तरी हनुवटीखाली, कानामागे, साड्यांच्या निऱ्यांत नारिंगी गाळ साचून राहिला होता. सगळीकडे निळा वाढवला तर तांदूळ आणि दात निळे पडतात. म्हणून निळ्या रंगाची वक्ररेषा, म्हणजे गडद ते उजळ भागांत तो किती आहे हे दाखवणारा आलेख, उघडायची, वरच्या टोकाला, म्हणजे उजळ भागात, एक टाचणी मारून ती जागच्या जागी धरायची, आणि खालचा, सावल्यांचा भाग तेवढा हलकेच उचलायचा. मग लाल रंगाची रेषा मधोमध किंचित दाबायची. निळा उचलला की तिथे रव्यासारखे बारीक ठिपके दिसू लागतात, म्हणून हात आखडता ठेवावा लागतो. दाराजवळ बसलेल्यांवर बाहेरचा दिवसाचा उजेड होता. बल्बसाठी केलेल्या दुरुस्तीनं ते उलटे निळे पडले. तो भाग वेगळा निवडून तिथे दुरुस्ती कमी केली.

हे सगळं एका फोटोवर बसवलं आणि त्याच जागचे बाकीचे फोटो त्यावरून करत गेले.

त्यांत एक फोटो फार चांगला होता. चाळिशीतला एक माणूस नवरीला पेढा भरवतोय, पेढा मोठा आहे, तिचं तोंड भरलंय आणि दोघंही हसताहेत. दीर म्हणाले, तो नवरीचा काका. फैजपूरकडे केळीच्या बागांत घड कापणाऱ्या टोळीबरोबर काम करतो. अल्बमच्या पहिल्या पानावर हाच लावायचा, असं मी ठरवून टाकलं.

त्या फोटोत काकांचे डोळे पिवळे राहिले होते. मला ती माझीच चूक वाटली. सावलीत गाळ उरतो तसा डोळ्यांत उरला असेल. मी दोन्ही डोळ्यांचा पांढरा भाग निवडला, त्यातला पिवळा काढून घेतला. दोन मिनिटांचं काम. डोळे स्वच्छ झाले, मी पुढच्या फोटोवर गेले.

पुढच्या फोटोतही ते पिवळे. त्याच्या पुढच्यातही. चौथ्या वेळी मी माउसवरचा हात काढला.

त्या फोटोत काकांच्या खांद्याला खांदा लावून दुसरा एक माणूस उभा होता. एकच बल्ब, एकच भिंत, एकच अंतर. मी त्या माणसाच्या डोळ्यातल्या पांढऱ्या भागावर टोक नेलं आणि रंगाचे आकडे पाहिले. लाल, हिरवा, निळा, तिन्ही जवळजवळ सारखे, म्हणजे पांढरा. मग काकांच्या डोळ्यावर नेलं. लाल आणि हिरवा तेवढेच, निळा बराच खाली, म्हणजे पिवळा. दाराजवळच्या उजेडातला त्यांचा एक फोटो शोधला. तिथे बल्बचा संबंधच नव्हता. तिथेही तसंच.

म्हणजे दुरुस्ती बरोबर होती. खोलीतला खोटा पिवळा निघून गेला होता आणि खरा तेवढा मागे उरला होता. तीन फोटोंत तर तो मी स्वतःच्या हातानं पुसलाही होता.

दिरांना बोलावून दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं.

"कावीळ म्हणता? मी दोन हातांवर उभा होतो वहिनी, मला काही दिसलं नाही."

"त्या उजेडात कुणालाच दिसलं नसतं. सगळेच पिवळे होते."

"पण आपण कसं सांगायचं? लोक म्हणतील, फोटो बिघडवले आणि आता माणसाला आजारी ठरवताहेत. डोळे पांढरे करून टाका आणि पाठवा."

त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. मी डॉक्टर नाही. शिवाय आमचा फ्लॅश बंद पडला होता ही गोष्ट त्या घराला ठाऊक होती. मी चहा केला, तो प्यायले, आणि नवरीच्या वडिलांना फोन लावला. त्यांना सगळे आबा म्हणतात, मीही आबाच म्हटलं. कोण बोलते, कुठून बोलते, सांगितलं. मग मी म्हणाले, "तुमच्या भावाच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसतोय फोटोत. एकदा डॉक्टरला दाखवाल का?"

ते अहिराणीत म्हणाले, "तुम्ही फोटोवाला शेतस का डाक्टर? बठ्ठासले तो चांगला दिसना." म्हणजे सगळ्यांना तो चांगलाच दिसला होता.

"बल्बमुळे दिसलं नसेल, आबा."

"मग बल्बमुळेच पिवळं आलं असेल ना," ते आता तुटक, शहरी मराठीत म्हणाले. "फोटो नीट करून द्या, ताई. घरात कार्य आहे. असलं काही बोलू नका."

फोन बंद झाला. मला राग आला नाही, लाजल्यासारखं झालं. माझं काम सोडून मी दुसऱ्याच्या घरात डोकावले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज तरुण होता. ती नवरी होती. वडिलांनी जेवताना हसत हसत ही गोष्ट सांगितली, तेव्हा ती तिच्या मनात रुतून बसली. "ताई, काका महिनाभर अंग खाजवताहेत. आम्हाला वाटलं, केळीच्या चिकामुळे. खरं कसं कळेल?"

मी सांगितलं, काकांना दिवसा उजेडी सावलीत उभं करा, गालाजवळ कोरा पांढरा कागद धरा, आणि डोळे उघडे ठेवून फोटो काढा. कागद पांढरा दिसला आणि डोळे पिवळे, तर तो उजेडाचा दोष नाही.

ती तेव्हाच फैजपूरला आत्याकडे निघाली होती, आणि काकाही तिकडेच कामावर होते. संध्याकाळच्या आत फोटो आला. ओळखीचं ते तोंड, पण हसू नव्हतं. फोटो कशासाठी, हे न कळलेल्या माणसाचं तोंड. गालाशी वहीचा कागद. त्या फोटोत दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. कागद पांढरा होता.

मी फक्त लिहिलं, "उद्याच न्या."

पुढचं मला तिच्याकडून तुकड्या तुकड्यांनी कळलं. जळगावला दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी झाली. पित्ताच्या नळीत खडा अडकला होता. लघवी गडद होते हे काकांना कधीचं माहीत होतं, पण साखरपुडा तोंडावर असताना कुणाला कशाला सांगायचं, म्हणून ते गप्प बसले होते. तोंडातून दुर्बीण घालून खडा काढला. काही दिवसांनी पित्ताशयही काढलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबला असता तर आत पू झाला असता. हे आबांनीच मला फोनवर सांगितलं. आधीच्या बोलण्याचा उल्लेख त्यांनी केला नाही, मीही केला नाही. शेवटी म्हणाले, "लग्नाला या, ताई." एवढंच.

मी गेले. कामानिमित्त नव्हे, नुसती. काका मंडपाच्या दाराशी खुर्चीवर बसून होते, अंगानं उतरलेले. मी त्यांना गर्दीत लांबून ओळखलं. त्यांना मात्र माझी ओळख करून द्यावी लागली. ते उठायला लागले, मी बसा म्हटलं. मग त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं, जरा जास्तच वेळ, डोळे ताणून. ते मला काय दाखवताहेत, हे कळायला मला क्षणभर लागलं. मी म्हटलं, "पांढरे आहेत." ते हसले.

साखरपुड्याचा अल्बम तोवर छापायला गेला नव्हता. पेढ्याच्या फोटोचं काय करायचं, हे मी नवरीला विचारलं होतं. ती म्हणाली, डोळे पांढरे करा, आईला ते बघवत नाहीत. तसं केलं. निवड केली, पिवळा काढला, दोन मिनिटांत झालं. फोटो छान आलाय. तरीही छापायला पाठवण्याआधी मी मूळची, डोळ्यांना हात न लावलेली प्रत वेगळी जपून ठेवली. ती कुणी मागितलेली नाही आणि मागणारही नाही. आता मी कुणाचेही डोळे उजळवण्याआधी शेजारच्या माणसाच्या डोळ्यांचे आकडे बघते. बहुतेक वेळा सारखेच असतात.