पश्चिमेच्या भिंतीकडे जाणारा बाण

नायगावच्या चाळीत वाढलेल्या अक्षता खैरमोडेची आज शेवटची ज्युरी, म्हणजे परीक्षकांपुढे आराखडा मांडायची परीक्षा होती. पास झाली तरच ती आर्किटेक्ट होणार होती. चाळीच्या जागी तिने वाचनालय योजलं होतं.

तिने तीन आकृत्या मांडल्या. पहिलीत उत्तरेला शांत वाचनकक्ष आणि दक्षिणेला, रस्त्याकडे, गजबजीच्या खोल्या. दुसरीत सूर्याचा मार्ग. कलतं ऊन अडवायला पश्चिमेला जिना. तिसरीत जुन्या चाळीतल्या माणसांच्या वावराचे बाण. त्यातला सगळ्यात जाड बाण पश्चिमेच्या कोऱ्या भिंतीला भिडत होता.

"अगं, माणसं काय भिंतीतून जातात?" परीक्षक देवस्थळीबाई हसल्या.

"तिथे पूर्वी जिना होता, मॅडम. माझ्या जन्माआधीच बुजवला. नवा तिथेच घेतलाय."

"पण चाळ तर वर्षभर रिकामी आहे. वावर मोजलास कधी?"

"गेल्या आठवड्यात. संध्याकाळी खडूची पूड पसरून कुलूप लावायचे. सकाळी त्यात अनवाणी पावलं दिसायची, भिंतीपर्यंत. परतीची एकही नाही."

बाई बराच वेळ त्या बाणाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी कागदावर 'उत्तीर्ण' लिहिलं.

"पायऱ्या कमी उंचीच्या ठेव," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आणि जिन्याला दार लावू नकोस."